दहापैकी दहा

तर झालं असं, की मार्चमध्ये एचआर मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाल्या, "तू काहीबाही लिहीत असतोस ना? मग आपल्या कोड ऑफ कंडक्टवर एक क्विझ कर. दहा प्रश्न, पंधरा मिनिटं. ऑडिटच्या आधी सगळ्यांची झाली पाहिजे."

आमची कंपनी चाळीस डोक्यांची, नाशिकला अंबडमध्ये. कोड ऑफ कंडक्ट अठरा पानांचा, इंग्रजीत. जॉईन होताना प्रत्येक पानावर सही करायची आणि विसरून जायचं. मीही तेच केलं होतं. तरी एका संध्याकाळी बसून दहा प्रश्न पाडले. चाळीसपैकी सदतीस जणांना दहापैकी दहा! मॅडम खूश, मीही खूश.

दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर अकाउंट्सचे काका म्हणाले, "अरे, मी तो कोड अजून उघडलेलाच नाही. जो पर्याय सगळ्यात लांब, तो बरोबर. धडाधड मारत गेलो."

घरी येऊन माझेच प्रश्न परत वाचले. "सहकाऱ्याचा छळ करणे योग्य आहे का?" असा प्रश्न होता एक! यात कोण चुकणार? अशी क्विझ काहीच मोजत नाही, फक्त "सगळे प्रशिक्षित आहेत" असा कागद तयार करते. आणि वाईट म्हणजे त्या कागदावर आपला विश्वास बसतो.

मग ठरवलं, अठरा पानं एकदम नकोत. एकच प्रकरण घेऊ, लैंगिक छळाचं. कारण तिथे कंपनीच्या शब्दांमागे कायदा आहे. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने विशाखा निकालात मार्गदर्शक तत्त्वं दिली आणि २०१३ मध्ये त्यावर संसदेने कायदा केला. दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती हवीच, आणि कर्मचाऱ्यांना याची माहिती देणं हे मालकाचं काम आहे.

आमच्या कोडमध्ये पहिलंच वाक्य होतं: "कर्मचाऱ्यांनी परस्परांशी सन्मानपूर्वक वर्तन ठेवावे." वाचायला छान. पण हे मोडलं कधी, ते कसं कळणार? म्हणून मी एक साधी चाळणी लावली. जे डोळ्यांना दिसतं किंवा कानांना ऐकू येतं, तेवढंच 'करा' आणि 'करू नका'मध्ये जाईल. "सन्मान ठेवा" गाळलं. त्याजागी आलं, "कोणाच्या शरीरावर, कपड्यांवरून लागेल असं बोलू नका, गंमत म्हणूनही नाही." "नको म्हटल्यावर परत विचारू नका, मेसेजही करू नका." "टीममधलं कोणी तुमच्याकडे तक्रार घेऊन आलं तर स्वतः चौकशी करू नका, मिटवायला जाऊ नका. समितीतल्या कोणाशी बोलायचं ते सांगा."

मग प्रश्न. प्रसंग असा लिहिला: कंपनीची पिकनिक गंगापूरजवळच्या एका वायनरीत. परतताना कंपनीनेच ठरवलेल्या ट्रॅव्हलरमध्ये एक सीनियर नव्या मुलीच्या अंगावरून दोन-तीन 'जोक' मारतो. सगळे हसतात. तीही हसते. आता यातलं बरोबर काय?

चुकीचे पर्याय मी मनाने रचले नाहीत. कॅन्टीनमध्ये जे खरंच ऐकलं होतं, तेच टाकलं. एक, ऑफिसच्या बाहेर आणि सुट्टीच्या दिवशी झालं, कंपनीचा संबंध नाही. दोन, ती स्वतः हसली, म्हणजे तिला चाललं. तीन, त्याच्या मनात तसं काही नव्हतं. चार, तिला ते नकोसं असेल तर हा छळ ठरू शकतो आणि ती समितीकडे जाऊ शकते. चारही पर्याय जवळपास सारख्या लांबीचे, काकांसाठी खास :)

बरोबर उत्तर आलं अकरा जणांचं. चाळीसपैकी! तेव्हा कुठे वाटलं, आता खरं मोजतोय. सगळ्यात जास्त लोक "ती हसली" वर फसले. कायद्यातला कळीचा शब्द आहे 'नकोसं'. बोलणाऱ्याचा हेतू काय होता यावर गोष्ट संपत नाही. आणि सीनियरसमोर, भरलेल्या गाडीत, नोकरीच्या पहिल्या महिन्यात हसणं म्हणजे होकार नसतो, हे आपण सगळे मनातून जाणतो. 'ऑफिसबाहेर' ही पळवाटही चालत नाही. कामाच्या निमित्ताने जिथे जाल ती जागा आणि मालकाने दिलेली गाडी, दोन्ही कामाच्या ठिकाणात मोडतात. (कायद्याने ही तक्रार फक्त स्त्रीला करता येते. आमच्या कोडने सगळ्यांना मुभा दिली आहे. सोपं लिहिताना या दोन गोष्टी एकीत मिसळल्या नाहीत.)

इथपर्यंत माझी कॉलर ताठ होती. आता माझी चूक.

यादीत मी एक ओळ लिहिली होती, "तक्रार घटनेपासून ३ महिन्यांच्या आतच करता येते." छोटी, सोपी, लक्षात राहणारी ओळ. क्विझमध्येही त्यावर प्रश्न होता, आणि सगळ्यांनी तो बरोबर सोडवला. आठवड्याने एक सहकारी जिन्यात थांबवून म्हणाली, "एक विचारायचं होतं. चौथा महिना लागला असेल तर मग काहीच नाही ना?"

मी "बघून सांगतो" म्हणालो. तिचं होतं की मैत्रिणीचं, विचारलं नाही. रात्री कायदा मुळातून वाचला. तीन महिने खरे, पण घटना परत परत घडल्या असतील तर शेवटच्या घटनेपासून मोजायचे. शिवाय त्या काळात तक्रार करता येणार नाही अशी परिस्थिती होती हे समितीला पटलं, तर लेखी कारणं नोंदवून ती आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते. मी सोपं करताना 'पण' कापला होता. माझ्या त्या ओळीमुळे एक माणूस गप्प बसणार होतं, तेही क्विझमध्ये पूर्ण मार्क घेऊन!

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला सांगितलं. "अच्छा," एवढंच म्हणाली, आणि समितीच्या बाहेरच्या सदस्याचा नंबर मागितला. पुढचं मला माहीत नाही, आणि माहीत नसणंच बरोबर. तक्रारीची गुप्तता हाही त्याच कायद्याचा भाग आहे.

तेव्हापासून प्रत्येक ओळीला एक प्रश्न विचारतो: हिच्यावर विसंबून कोणी हक्क सोडून देईल का? मग दुसरी एक ओळही सुधारली. "खोटी तक्रार केल्यास कारवाई होईल" असं लिहिलं होतं. त्यात आता जोडलंय, "पुरावा देता आला नाही, एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही." हेही कायद्यातच आहे. आम्ही अर्धंच सांगत होतो, भीती घालणारं अर्धं.

आणि घाईचं उलटं टोकही यादीत घेतलं. गोवा विद्यापीठाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये बडतर्फीचा आदेश रद्द केला, कारण चौकशी इतकी घाईत उरकली की समोरच्याला बाजू मांडायची नीट संधीच मिळाली नाही. प्रकरण पुन्हा समितीकडे गेलं, म्हणजे तक्रार करणाऱ्यांचीही वर्षं वाया गेली. म्हणून "तक्रार आली की लगेच काढून टाका" हा आमच्याकडे चुकीचा पर्याय आहे, आणि तो बरेच जण निवडतात.

नवी क्विझ जूनमध्ये झाली. आधी चार जणांना कोड न वाचता सोडवायला दिली. ज्या प्रश्नात चौघंही बरोबर, तो बाद. पूर्ण दहा कोणालाच नाहीत. मॅडम जरा नाराज, ऑडिटला आकडा चांगला दिसत नाही म्हणे. काकांना चार. "पर्याय सारखे केलेस तू," म्हणाले, आणि यादीचा प्रिंटआउट घडी करून खिशात घातला.