अट घातल्यावर समित्या वाढल्या कशा?

अकरावीला पर्म्युटेशन-कॉम्बिनेशन शिकवताना हे गणित हमखास येते. ६ पुरुष आणि ४ महिला यांतून ५ जणांची समिती निवडायची आहे. समितीत किमान २ महिला हव्यात. बरीच मुले आधी ४ महिलांतून २ निवडतात, ६ प्रकारे. मग उरलेल्या ८ जणांतून कोणतेही ३, ५६ प्रकारे. उत्तर ३३६. गुणाकार बरोबर, अटही पाळलेली. अशा वेळी मुलांना एवढेच विचारावे, की अट नसती तर समित्या किती झाल्या असत्या? १० जणांतून ५ जण २५२ प्रकारे निवडता येतात. मग अट घातल्यावर समित्या वाढल्या कशा?

ही पडताळणी पहिली करावी, पण तिच्यावर विसंबू नये. हीच समिती ३ जणांची केली, तर त्याच चुकीच्या रीतीने ४८ येतात आणि एकूण समित्या १२० असतात. चूक तशीच राहते, फक्त दिसत नाही.

म्हणून एक तयार समिती हातात घ्यावी आणि ती आपल्या रीतीत किती वाटांनी येते ते पाहावे. समजा पाच जणांच्या समितीत आशा, उषा, नीता आणि दोन पुरुष आहेत. ‘आधी निवडलेल्या’ दोघी कोण? आशा-उषा, आशा-नीता किंवा उषा-नीता. एकच समिती तीनदा मोजली गेली. चारही महिला असतील तर सहा वेळा. दोन महिलांच्या समित्या १२०, तिघींच्या ६०, चौघींच्या ६. खरे उत्तर १८६. आणि १२० एकदा, ६० तीनदा, ६ सहा वेळा मोजल्या की बेरीज नेमकी ३३६ होते. चुकीच्या उत्तराचा असा हिशेब लागला, की मुलांना चूक खरोखर कळते.

क्रमाच्या चुकाही याच प्रश्नाने सापडतात. ६ पुस्तकांचे दोन-दोनचे तीन गठ्ठे करताना ९० येतात. प्रत्येक वाटणी सहा वेळा मोजली गेली, म्हणून ६ ने भागून १५. गठ्ठे तीन ठरावीक मुलांना द्यायचे असतील, तर मात्र ९० च बरोबर. भागता येते ते प्रत्येक वाटणी सारख्याच वेळा मोजली गेली म्हणून. ३३६ ला कोणत्याही एका संख्येने भागून सुटका नाही.

गुणायलाही हाच नियम. समितीतून कोणीही अध्यक्ष चालत असेल, तर १८६ गुणिले ५, म्हणजे ९३०. अध्यक्ष महिलाच हवी, ही ओळ वाचायची राहिली की मुले हेच ९३० लिहून मोकळी होतात. खरे उत्तर १२० × २ + ६० × ३ + ६ × ४ = ४४४. ते दुसऱ्या वाटेनेही तपासता येते: आधी अध्यक्ष ४ प्रकारे, मग उरलेल्या ९ जणांतून किमान एक महिला असलेले ४ सदस्य १११ प्रकारे. पुन्हा ४४४.

पुढच्या चाचणीत अशा एखाद्या गणिताला हा उपप्रश्न जोडून पाहा: ‘तुमच्या उत्तरातली कोणतीही एक समिती लिहा आणि ती किती वेळा मोजली गेली ते दाखवा.’ त्याला स्वतंत्र गुण ठेवा.