मालकाच्या ७२ तासांचा हिशेब

पेढीवरील रोकड रोज संध्याकाळी पैशापर्यंत जुळवली जाते. मालकाचा वेळ मात्र कोणत्याच वहीत लिहिला जात नाही. जो मालक गल्ल्यापासून गोदामापर्यंत सर्व स्वतःच पाहतो, त्याला ‘कोणते काम दुसऱ्याकडे द्यावे’ हा प्रश्न पडतो तेव्हा उत्तर अंदाजाने दिले जाते. बहुधा जे काम कंटाळवाणे तेच आधी सोपवले जाते, आणि तेथेच निवड चुकते.

यासाठी दोन आठवड्यांची वेळवही पुरेशी असते. सणाचा हंगाम टाळावा. मात्र दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांनी जीएसटीच्या ११ आणि २० या तारखा त्यात येतील असे पाहावे, म्हणजे ते कामही नोंदीत येईल. दर अर्ध्या तासाला एक ओळ लिहावी. रात्री आठवून लिहिलेली वही खरी ठरत नाही. कारण मोठी कामे लक्षात राहतात आणि किरकोळ कामे विसरली जातात. एखादे काम मध्येच सोडून उठावे लागले, तर त्या ओळीपुढे एक रेघ मारावी.

उदाहरणादाखल तालुक्याच्या गावातील हार्डवेअरचे ठोक दुकान घेऊ. मालक आठवड्यातून सहा दिवस, रोज १२ तास दुकानात असतो. म्हणजे एकूण ७२ तास. वहीप्रमाणे त्यांतील २० तास गल्ल्यावर बिले करण्यात जातात, १४ तास आलेला माल मोजण्यात, ९ तास दूरध्वनीवर भाव सांगण्यात, ८ तास हिशेब व विवरणपत्रांत, ६ तास बँकेच्या फेऱ्यांत आणि ६ तास किरकोळ कामांत. उरलेल्या ९ तासांपैकी ५ वसुलीला आणि ४ खरेदीच्या बोलणीला मिळतात. बाजारातील येणे २० लाख रुपये असून ते सरासरी ६० दिवसांनी वसूल होते. उधारी मालकाच्याच शब्दावर दिलेली असल्याने तगाद्याला त्याच्याच शब्दाचे वजन असते. वसुली ४५ दिवसांवर आली, तर ५ लाख रुपये मोकळे होतात. १० टक्के व्याजाच्या कॅश क्रेडिटवर वर्षाला ५० हजार रुपये वाचतात. वेळ हवा आहे तो यासाठी.

आता प्रत्येक कामाला दोन प्रश्न विचारावेत. हे काम बरोबर झाले की नाही, हे दहा मिनिटांत तपासता येते का? आणि चूक झालीच, तर ती त्याच दिवशी उघडकीस येते का? दोन्ही उत्तरे ‘होय’ असतील, ते काम आधी सोपवावे. सर्वाधिक तास बिलांना लागतात. तरी ते पहिले नव्हे, कारण तेथे सूट किती आणि उधार कोणाला हा निर्णय दडलेला असतो. माल मोजण्यात तसे नसते. सेवकाने बिल्टी व बिल समोर ठेवून नग मोजावेत, आवक वहीत लिहावेत आणि सही करावी. मालकाने संध्याकाळी कोणतेही पाच जिन्नस स्वतः मोजून पाहावेत. त्यानंतर बँकेचा भरणा सोपवावा. शिक्का मारलेली स्थळप्रत आणि खात्यातील जमा यांचा मेळ त्याच दिवशी घालता येतो.

या दोन कामांचे २० तास होतात. तपासणीला ३ तास धरले, तरी १७ मोकळे होतात. पहिल्या महिन्यात मात्र शिकवण्यातच बराच वेळ जाईल, हे गृहीत धरावे. बिलांची पाळी त्यानंतर येते. आधी छापील भावपत्रक तयार करावे, सुटीची मर्यादा ठरवावी. मर्यादेपुढील सूट आणि नवे उधार खाते मालकाकडेच राहावे. भावपत्रक झाले की दूरध्वनीचे ९ तासही आपोआप घटतात.

बँकेतील एक नियम येथे उपयोगी पडतो: करणारा आणि तपासणारा एकच नसावा. जो रोकड स्वीकारतो, त्यानेच खतावणी लिहू नये. एका ग्राहकाची रक्कम दडवून दुसऱ्याच्या रकमेने ती भरून काढली, तर दोन्ही वह्या त्याच्याच हाती असल्यामुळे ते महिनोन्महिने कळत नाही. ग्राहकांना दरमहा खातेउतारा मालकाने स्वतः पाठवला, की तफावत लवकर उघड होते. सही करून ठेवलेले कोरे धनादेश आणि खात्याचा ओटीपी कोणालाच देऊ नयेत.

सोपवलेले काम नीट रुजले की नाही, हे रेघांवरून कळते. सेवक तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारत असेल, तर उणीव त्याच्यात नसून लेखी सूचनेत आहे. ती कागदावर उतरवून भिंतीला लावावी. तीन महिन्यांनी एक आठवडा पुन्हा वेळवही लिहावी. वसुलीपुढे ५ तासच दिसले, तर मोकळा झालेला वेळ गल्ल्यावरच खर्च झाला, असे समजावे आणि वसुलीचे वार व वेळ ठरवून टाकावेत.