सदर मागताना आधी वार सांगा

आपल्या शहरातल्या दैनिकात चित्रपट परीक्षणाचं साप्ताहिक सदर लिहावं, असं वाटणाऱ्या कॉलेजच्या मुलामुलींनो, संपादकांना मेल धाडण्याआधी एवढं वाचा. पुरवणीचं काम मी बरीच वर्षं केलं आहे. अशा मेलमध्ये सिनेमावरचं प्रेम भरभरून असतं. पण मजकूर कोणत्या वारी, किती वाजता हातात पडेल, हे कुणीच लिहीत नाही. संपादकाला पहिली काळजी तीच असते.

सिनेमा लागतो शुक्रवारी. लहान शहरात मराठी सिनेमाला जेमतेम एक-दोन खेळ मिळतात आणि पुढच्या शुक्रवारी तो बरेचदा उतरलेला असतो. रविवारची पुरवणी मात्र अनेक ठिकाणी दोन-तीन दिवस आधीच लागते. तिथे सदर मागितलंत, तर परीक्षण छापून येईपर्यंत सिनेमा निघून गेलेला असेल. म्हणून कार्यालयात फोन करून पान कधी लागतं ते विचारा आणि मग मेलमध्ये स्पष्ट लिहा:

‘शुक्रवारचा पहिला खेळ पाहून रात्री आठपर्यंत साडेतीनशे शब्द पाठवीन. शनिवारच्या अंकात जागा मिळाल्यास वाचकांना सुट्टीचा बेत ठरवता येईल. तिकीट मी काढीन. परीक्षेच्या आठवड्यांसाठी जुन्या चित्रपटांवरचे दोन लेख आधीच देऊन ठेवीन.’

शेवटचं वाक्य गाळू नका. विद्यार्थ्यांची सदरं परीक्षा आली की बंद पडतात, हे प्रत्येक संपादक जाणतो.

दुसरी गोष्ट नमुन्याची. ‘छायांकन सुंदर, अभिनय दमदार’ हे कुठल्याही सिनेमाला लागू पडतं, त्यातून तुमची नजर कळत नाही. नागराज मंजुळे यांच्या २०१४ साली प्रदर्शित झालेल्या ‘फँड्री’वर लिहायचं असेल, तर डुक्कर पकडण्याची धावपळ चालू असताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं आणि जब्या नि त्याच्या घरचे जागच्या जागी थांबतात, तो प्रसंग घ्या. ज्यांना गावात मान नाही, तेच राष्ट्रगीताचा मान राखताना दिसतात, हे दोन वाक्यांत सांगा. पण शेवट फोडू नका.

नमुना एकच द्या, तोही सदराच्या ठरलेल्या शब्दसंख्येत, युनिकोडमध्ये आणि मेलच्याच मजकुरात. लेखाचा फोटो काढून पाठवलात, तर कुणाला तरी तो पुन्हा टाइप करत बसावं लागतं. विषयाच्या ओळीत ‘साप्ताहिक चित्रपट परीक्षण: प्रस्ताव व नमुना’ एवढं पुरे. मेल एका वेळी एकाच दैनिकाला पाठवा.

आठवडाभरात उत्तर आलं नाही, तर दुपारी फोन करा. संध्याकाळी पानं लागत असतात. तेव्हा बोलायला कुणाला सवड नसते.