परवानगी असूनही कमाई का थांबते? यूट्यूबच्या नियमांचा अर्थ

यूट्यूबवरील एखाद्या वाहिनीविरुद्ध प्रताधिकारभंगाची एकही तक्रार नसते. वापरलेल्या दृश्यांसाठी मूळ मालकांची लेखी परवानगीही घेतलेली असते. तरीही एके दिवशी त्या वाहिनीचे जाहिरात उत्पन्न बंद झाल्याची सूचना येते आणि कारण म्हणून ‘पुनर्वापर केलेला आशय’ असे नमूद असते. ही सूचना अनेक आशयनिर्मात्यांना अन्यायकारक वाटते. त्यामागे बहुतेक वेळा एक मूलभूत गैरसमज असतो. प्रताधिकार आणि उत्पन्नाची पात्रता हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत.

आशय वापरण्याचा हक्क आहे की नाही, हे प्रताधिकार ठरवतो. भारतात हा विषय १९५७ च्या प्रताधिकार कायद्याच्या कक्षेत येतो आणि त्यातील कलम ५२ समीक्षेसारख्या कारणांसाठी मर्यादित वापराची मुभा देते. जाहिरातीचा वाटा मिळणे हा मात्र कंपनी आणि निर्माता यांच्यातील कराराचा भाग आहे. त्या करारात ‘तुम्हाला हे वापरता येते का?’ एवढ्यावर प्रश्न थांबत नाही. ‘यात तुमचे स्वतःचे काय?’ हेही विचारले जाते. त्यामुळेच विविध कलाकारांची गाणी एकत्र करून चालवलेली वाहिनी, सर्वांची परवानगी असली तरी, अपात्र ठरू शकते.

यूट्यूबच्या भागीदार कार्यक्रमात येथे दोन नियम लागू होतात. पहिला पुनर्वापराचा. इतरांच्या चित्रफितींत ठळक भाष्य, लक्षणीय बदल किंवा शैक्षणिक अथवा मनोरंजनाचे मूल्य न घालता त्या पुन्हा सादर करणे यात मोडते. दुसरा नियम पूर्वी ‘पुनरावृत्त आशय’ या नावाने ओळखला जाई. १५ जुलै २०२५ पासून कंपनीने त्याचे नाव ‘अप्रामाणिक आशय’ असे केले आणि एकाच साच्यातून घाऊक प्रमाणात काढलेल्या चित्रफिती त्यात येतात, हे स्पष्ट केले. असा आशय आधीपासूनच अपात्र होता, असेही कंपनीने त्या वेळी सांगितले. आशय पूर्णपणे स्वतः तयार केलेला असला, तरी प्रत्येक चित्रफीत आधीच्या चित्रफितीची नक्कल असेल, तर हा दुसरा नियम आड येतो.

दोन्ही नियम संपूर्ण वाहिनीला लागू होतात, ही बाब अनेकदा नजरेआड होते. तपासणारे परीक्षक प्रत्येक चित्रफीत पाहत नाहीत. वाहिनीचा मुख्य विषय, सर्वाधिक पाहिलेल्या आणि सर्वांत नव्या चित्रफिती, ज्यांवर प्रेक्षकांचा अधिक वेळ गेला त्या चित्रफिती, तसेच शीर्षके, मुखचित्रे आणि वर्णने यांवर त्यांचा भर असतो. त्यामुळे दहा उत्तम चित्रफिती शेकडो साचेबद्ध चित्रफितींच्या ढिगात वाहिनीला वाचवू शकत नाहीत.

एक काल्पनिक उदाहरण पाहू. शेतमालाच्या बाजारभावाची एक वाहिनी दररोज कांद्यावर दहा चित्रफिती काढते. लासलगाव, पिंपळगाव बसवंत, सोलापूर अशा प्रत्येक बाजार समितीसाठी एक. पडद्यावर तेच छायाचित्र आणि त्याखाली सरकणारा तक्ता. निवेदक पणन मंडळाच्या संकेतस्थळावरील आवक आणि किमान, कमाल व सर्वसाधारण दर वाचून दाखवतो. बदलतात ते फक्त गावाचे नाव आणि आकडे.

ही माहिती शेतकऱ्याच्या उपयोगाची आहे, खोटीही नाही. तरीही दोष स्पष्ट आहे. निवेदन म्हणजे इतरत्र प्रसिद्ध झालेल्या मजकुराचे वाचन आहे आणि दहाही चित्रफिती एकाच साच्यातल्या आहेत. यंत्राच्या आवाजाऐवजी स्वतःचा आवाज दिला, तक्त्याचा रंग बदलला किंवा मागे संगीत लावले, तरी मूळ दोष तसाच राहतो. या बदलांनी प्रेक्षकाला नवे काही कळत नाही.

याच वाहिनीने दहाऐवजी एकच चित्रफीत काढली आणि तीत त्या आकड्यांचा अर्थ सांगितला, तर चित्र बदलते. समजा, एका बाजारात किमान दर क्विंटलला ५००, कमाल २,००० आणि सर्वसाधारण दर १,३०० रुपये आहे. ‘कांदा दोन हजारांवर’ हे शीर्षक आकर्षक असले तरी तो दर निवडक, उत्तम प्रतीच्या मालालाच मिळालेला असू शकतो. बहुतेक व्यवहारांचा अंदाज सर्वसाधारण दरावरून येतो. निवेदकाने लिलावाच्या आवारात जाऊन वरच्या आणि खालच्या दराचा कांदा शेजारी ठेवून आकार, ओल व प्रतवारी दाखवली, आवक आणि दर यांची मागील आठवड्याशी तुलना केली, तर ते त्याचे स्वतःचे योगदान ठरते. सरकारी आकडे तेव्हाही वापरले जातात, पण आधार म्हणून. सुरुवात आणि शेवट दररोज सारखाच असायलाही हरकत नाही. मधला मुख्य भाग वेगळा असला पाहिजे.

यातून एक साधी कसोटी हाती लागते. उसने घेतलेले दृश्य किंवा मजकूर वगळल्यावर चित्रफितीत सांगण्यासारखे काय उरते? आणि कालच्या चित्रफितीचा आवाज आजच्या दृश्यांवर लावला, तर प्रेक्षकाच्या लक्षात येईल का? पहिल्याचे उत्तर ‘काही नाही’ आणि दुसऱ्याचे ‘नाही’ असेल, तर उत्पन्न धोक्यात आहे.

उत्पन्न थांबल्यास २१ दिवसांत दाद मागता येते. त्यासाठी कमाल पाच मिनिटांची चित्रफीत करून ती स्वतःच्याच वाहिनीवर, सार्वजनिक सूचीत न दिसेल अशा रीतीने चढवावी लागते. पहिल्या ३० सेकंदांत वाहिनीचा पत्ता दाखवणे आवश्यक असते. पुढे केवळ ‘मी खूप मेहनत घेतो’ असे सांगून भागत नाही. वरील उदाहरणातील निवेदकाने लिलावातील कच्चे चित्रीकरण, स्वतःच्या नोंदवहीतील टिपणे आणि संकलनाचा पडदा दाखवावा, आणि कोणत्या चित्रफितीत कोणते भाष्य स्वतःचे आहे, ते उदाहरणांसह सांगावे. पडद्यावर न दिसणारी मेहनत परीक्षकाला दिसत नाही.

मात्र हा मार्ग आशय खरोखर मौलिक असलेल्यांसाठी आहे. दोष खरा असेल, तर जुन्या चित्रफिती दुरुस्त करून किंवा काढून पुन्हा अर्ज करणे श्रेयस्कर. उत्पन्न काढून घेतलेल्या वाहिनीला त्यासाठी सर्वसाधारणपणे ९० दिवस थांबावे लागते. येथे आणखी एक अडचण आहे. जाहिरात उत्पन्नासाठी १,००० सदस्य आणि मागील १२ महिन्यांत ४,००० तासांचे सार्वजनिक प्रेक्षण, किंवा ९० दिवसांत लघुचित्रफितींना एक कोटी दृश्ये, हा पर्यायी निकष असतो. हटवलेल्या वा खासगी केलेल्या चित्रफितींचे तास यात धरले जात नाहीत. त्यामुळे ढीग साफ करताना पात्रताही हातची जाऊ शकते. म्हणूनच नव्या पद्धतीच्या चित्रफितींवर पुरेसे तास जमू लागल्यावर जुन्या टप्प्याटप्प्याने काढणे अधिक सुरक्षित ठरते.

नियम पाळूनही निर्णय अखेर माणसाच्या पाहण्यावर अवलंबून राहतो आणि ‘लक्षणीय बदल’ म्हणजे नेमका किती, याचे मोजमाप कंपनीने दिलेले नाही. बाजारभावाच्या वाहिनीवर घर चालवणाऱ्यासाठी ही अनिश्चितता छोटी नाही. रोजच्या दहा चित्रफितींचे उत्पन्न सोडून एका चित्रफितीवर विसंबणे त्याला परवडेलच असेही नाही. पण दहा चित्रफितींचे उत्पन्न एका सूचनेने शून्यावर येऊ शकते, हा हिशेबही त्याला आता मांडावा लागणार आहे.