उद्दिष्ट वसुलीचे, मोजमाप मात्र फोनचे

इंटेल कंपनीत अँडी ग्रोव्ह यांनी रुजवलेली आणि १९९९ मध्ये जॉन डोअर यांनी गूगलमध्ये नेलेली ‘ओकेआर’ पद्धत मुळात साधी आहे. तिमाहीसाठी एक उद्दिष्ट शब्दांत मांडावे आणि ते साधले की नाही हे सांगणारी दोन-तीन फलिते आकड्यांत ठरवावीत.

समजा, कापडाच्या एका घाऊक पेढीची वार्षिक उधार विक्री ३ कोटी ६० लाख आहे. वर्षाचे ३६० दिवस धरल्यास रोजची एक लाख. येणे बाकी ७५ लाख असेल, तर पैसा सरासरी ७५ दिवस अडकतो. म्हणून उद्दिष्ट ठरते, ‘उधारीत अडकलेले भांडवल मोकळे करणे’. हे दिवस ५० वर आले, तर २५ लाख मोकळे होतात आणि कॅश क्रेडिटचे दहा टक्के व्याज धरल्यास वर्षाला अडीच लाख वाचतात.

पहिली चूक फलित लिहितानाच होते. ‘दररोज वीस ग्राहकांना फोन करणे’ हे काम आहे, फलित नव्हे; सर्व फोन होऊनही रुपया न येणे शक्य असते. हे पूर्णपणे साधूनही उद्दिष्ट जागच्या जागी राहू शकते का, हा प्रश्न विचारावा. उत्तर ‘होय’ आले, तर ती ओळ कामांच्या यादीत टाकावी. येथे खरी फलिते दोन: सरासरी ७५ वरून ५० दिवसांवर आणणे, आणि ९० दिवसांहून जुनी बाकी २० लाखांवरून ८ लाखांवर आणणे. दुसरे आवश्यक आहे, कारण केवळ ताजी बाकी वसूल करूनही सरासरी सुधारते आणि जुनी उधारी तशीच कुजत राहते.

दुसरी चूक एकांगी मोजमापाची. केवळ दिवस मोजले, तर विक्रेते तिमाहीअखेरीस पुढील तारखेचे धनादेश घेऊन बाकी उतरवतात. आकडा शेवटच्या आठवड्यात एकदम सुधारून पुढच्या महिन्यात पुन्हा चढला, की हे ओळखावे. धनादेश वटल्यावरच वसुली धरावी. काही विक्रेते रोख सवलत वाढवतात. ती विक्रीच्या एक टक्का झाली, तर वर्षाला ३ लाख ६० हजार जातात, म्हणजे वाचलेल्या व्याजाहून अधिक. म्हणून ‘वाढीव सवलत अर्ध्या टक्क्याच्या आत’ हे तिसरे फलित जोडावे.

तिसरी चूक फलितांना थेट बोनस जोडण्याची. मग ५० दिवस शक्य असूनही विक्रेता ६५ दिवसांचेच वचन देतो आणि ते सहज पाळतो. बोनस वेगळ्या निकषांवर द्यावा, आणि ५० ऐवजी ५७ दिवस गाठले गेल्यास उरलेले सात दिवस कोणत्या ग्राहकांकडे अडकले, हे खातेनिहाय पाहून पुढील तिमाही आखावी.