दुखत नाही म्हणून चालत राहू नका

मेहकर-लोणार पट्ट्यातल्या ज्या घरात दहा-पंधरा वर्षांची शुगर आहे, त्या घराला ही कळकळीची विनंती. एक पाय अचानक सुजला, लालसर झाला, हाताला गरम लागला आणि तरी म्हणावा तसा दुखत नसेल, तर त्या पायावर भार देणं त्याच दिवशी थांबवा. जखम नसली तरी थांबवा. आतली हाडं त्या वेळी मोडत असू शकतात.

याला शार्को फूट म्हणतात. फ्रेंच डॉक्टर शार्को यांनी १८६८ साली नसा निकामी झालेल्या रुग्णांच्या सांध्यांची अशी पडझड नोंदवली. मधुमेहाशी तिचा संबंध १९३६ साली दाखवला गेला. जुन्या शुगरने पायाच्या नसा बधिर होतात. मग लहानसा मुरगळा, पायरीवरून चुकलेलं पाऊल, लांबची चाल, यातलं काहीही निमित्त पुरतं. इजा कळत नाही, माणूस चालत राहतो, दाह वाढतो, हाड ठिसूळ होतं आणि प्रत्येक पावलागणिक आणखी मोडतं.

आपल्याकडे हे कसं घडतं, ते एका नमुन्यावरून बघू. समजा पंचावन्नचा शेतकरी, शुगर चौदा वर्षांची. शेगावला पायी जाऊन येतो. चार दिवसांनी उजव्या पायात चप्पल शिरत नाही. कोणी मुका मार म्हणून तेल चोळतं, कोणी शेक देतं (बधिर पायाला शेक म्हणजे भाजण्याचीच तयारी). दवाखान्यात युरिक ॲसिड बघतात, जंतुसंसर्ग समजून गोळ्या देतात. एक्स-रे ‘नॉर्मल’ येतो आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. घात इथेच होतो, कारण सुरुवातीच्या आठवड्यांत साध्या एक्स-रेत काही दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतं. गडी सोंगणीला लागतो. दीड-दोन महिन्यांत तळपायाची कमान बसते, मधला भाग खाली फुगून येतो, त्या फुगवट्यावर भार पडून जखम होते, आणि मग पाय कापण्याची भाषा ऐकावी लागते.

ओळखायचं कसं? पंधरा मिनिटं दोन्ही पाय उघडे ठेवून बसा. मग घरच्या कोणीतरी दोन्ही पायांच्या त्याच त्याच जागी हाताची मागची बाजू लावावी. फरक हाताला कळतो. थर्मामीटरच्या बंदुकीने मोजलं तर दोन अंश सेल्सिअसहून जास्त फरक धोक्याचा. कोरोनात घेतलेली कपाळाची बंदूक वस्तूचं तापमान मोजण्याच्या मोडवर ठेवावी लागते, नाहीतर पाय तिला थंडच वाटतो. आणखी एक खूण: पडून पाय पाच-दहा मिनिटं उंच ठेवला की शार्कोची लाली उतरते, जंतुसंसर्गाची बहुधा तशीच राहते. ही खूण डॉक्टरांना मदतीची आहे, घरी निकाल लावायला नाही. ताप, जखम, पू किंवा घाण वास असेल तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा.

उपचाराचा कणा म्हणजे प्लास्टर. टोटल कॉन्टॅक्ट कास्ट हे पायाला घट्ट बेतलेलं, गुडघ्याखालपर्यंतचं प्लास्टर तळव्यावरचा भार सगळीकडे वाटून देतं. कुष्ठरोग्यांच्या बधिर पायांसाठी ही पद्धत वापरात आली. वेल्लोरला काम केलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी ती पुढे अमेरिकेत रुजवली. सूज उतरली की प्लास्टर सैल होऊन घासतं, म्हणून पहिल्यांदा काही दिवसांतच आणि पुढे आठवड्या-दोन आठवड्यांनी बदलावं लागतं. मुदत बहुधा तीन ते सहा महिने, कधी त्याहून जास्त. पायाचा रक्तपुरवठा कमी असेल किंवा खोल संसर्ग असेल तर हे प्लास्टर चालत नाही. म्हणून आधी तपासणी. काढता येणारा बूट मिळतो, पण आपला माणूस देवघरात जाताना तो काढणार आणि घरभर तसाच फिरणार. न निघणारं प्लास्टरच बरं.

मेहकरच्या डॉक्टरांना सांगणं एवढंच, की संशय आला तर एक्स-रेवर विसंबू नका, एमआरआयची वाट बघत पाय मोकळा सोडू नका. आधी भार काढा, मग अकोल्याला किंवा संभाजीनगरला पाठवा.

घरच्यांचं काम अधिक अवघड आहे. ऐन हंगामात चार महिने माणूस बसवून ठेवणं म्हणजे मजुरीचा खर्च, फवारणीची पंचाईत आणि ‘दुखत तर नाही ना’ हा रोजचा वाद. त्याला कुबड्या किंवा वॉकर द्या, शौचालयात खुर्ची ठेवा, शेताची सोय भावकीत लावा. दुसऱ्या पायावर जास्त भार येतो, तोही रोज बघा. दोन्ही पायांच्या तापमानातला फरक दोन अंशांच्या आत येऊन तिथेच टिकला आणि एक्स-रेत हाडं जुळताना दिसली, तरच डॉक्टर प्लास्टर काढतात. त्यानंतर पायाच्या मापाने बनवलेली एमसीआरच्या मऊ तळाची पादत्राणं घालायची, घरातसुद्धा. आणि हाताची मागची बाजू लावून बघण्याचं काम पुढेही चालू ठेवायचं, कारण हा आजार त्याच पायात उलटू शकतो.