तोंड पाहायला मिळालं नाही, त्यांना काय म्हणायचं?

भेटायला आलेला माणूस टेकतो न टेकतो तोच विचारतो, ‘तोंड तरी पाहायला मिळालं ना?’ ज्या घरात याचं उत्तर ‘नाही’ आहे, तिथे हा प्रश्न येणारा प्रत्येक जण नव्याने विचारतो.

एप्रिल २०२१मध्ये आमच्या कॉलनीतले एक काका कोविड वॉर्डात गेले. काकू आणि मुलगा घरातच विलगीकरणात होते. लांबून चेहरा पाहू द्यावा, स्पर्श न करता पाणी शिंपडू द्यावं, असं केंद्राच्या मार्च २०२०च्या सूचनांत होतं. पण ज्यांना उंबरठाच ओलांडता येत नव्हता, त्यांना त्याचा काय उपयोग? काकूंच्या हाती आलं ते अस्थींचं मडकं. ‘यांच्याच असतील ना रे?’ असं त्यांनी मला एकदाच, हळू आवाजात विचारलं.

फोन करणारे दोन वाक्यं हमखास म्हणत. एक, ‘निदान हाल तरी झाले नाहीत.’ हे सांगणाऱ्याला काय माहीत? दुसरं, ‘काही करायचं राहिलं असेल तर शांत करून घ्या.’ म्हणजे दुःखात वर दोषही यांच्याच माथी.

शास्त्र याहून समजूतदार आहे. आईवडील दूरदेशी वारले, तर मुलाचं दहा दिवसांचं सुतक बातमी कळेल त्या दिवसापासून धरतात. देह सापडलाच नाही, तर पळसाच्या ३६० देठांचा पुतळा करून, डोक्याच्या जागी नारळ ठेवून, त्याला अग्नी देतात. हा पालाशविधी. तिथी ठाऊक नसेल, तर सर्वपित्री अमावास्या आहेच. प्रवासात, लढाईत, समुद्रावर माणसं जातात, हे नियम करणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं.

काकूंना खरा आधार दिला तो काकांच्या शेजारच्या खाटेवरच्या माणसाने. बरा होऊन घरी गेल्यावर त्याने फोन केला. आदल्या संध्याकाळी काकांनी मोसंबीच्या दोन फोडी खाल्ल्या, मुलाच्या परीक्षेचं विचारलं आणि पंखा कमी करायला सांगितलं. काकूंनी खोदून खोदून विचारलं: अंगावर कुठला सदरा होता? रात्री झोप लागली का? त्याला ठाऊक नव्हतं तिथे तो सरळ ‘माहीत नाही’ म्हणाला, म्हणून बाकीच्यावर त्यांचा विश्वास बसला. न पाहिलेल्या मरणात मधला तुकडाच गळालेला असतो. मग मन तिथे नको नको ते भरत बसतं.

म्हणून शेवटच्या दिवसांतलं काही ठाऊक असेल, तर जसंच्या तसं सांगा. गोड करू नका. तेवढं ठाऊक नसेल, तर त्या माणसाची घरच्यांना माहीत नसलेली एखादी गोष्ट सांगा. ‘कसं झालं?’ हे मात्र त्यांनी आपणहून सांगितलं तरच ऐका. परदेशातल्या मुलाला स्मशानातून व्हिडिओ कॉल लावण्याआधी ‘बघायचंय का?’ एवढं विचारा, आणि त्याच्याजवळ कुणी आहे याची खात्री करा.

आणि ‘आता इतक्या महिन्यांनी कसं जायचं?’ म्हणून थांबू नका. काकूंकडे तो फोन दोन महिन्यांनी आला होता.